नुसता शब्द की तीन ओळींची नोंद?

चॅनलसाठी सुचलेले विषय नुसत्या शब्दांत टिपता येतात: ‘माइक’, ‘प्रकाश’. पाच सेकंदांचं काम. पण थकून महिनाभर थांबल्यावर यादी उघडली, की त्या शब्दामागे काय सांगायचं होतं तेच आठवत नाही. पुन्हा पहिल्यापासून विचार, आणि दमलेल्या डोक्याला नेमका तोच झेपत नाही.

तीन ओळींच्या नोंदीत प्रेक्षकाचा प्रश्न, आपलं उत्तर आणि पहिलं दृश्य असतं. ‘खोलीत आवाज घुमतो, नवा माइक घेऊ का? आधी आहे तोच तोंडाजवळ आणा. एकच वाक्य दोन अंतरांवरून ऐकवायचं.’ यावरून थेट चित्रीकरणाला बसता येतं. मी हीच निवडेन. दुसरी ओळ अडली, तर विषय अजून कच्चा आहे हेही लगेच कळतं. सुट्टीत मात्र सुचेल ते टिपून वही मिटायची. यादी चाळायला घेतली की विश्रांती संपलीच!