कुंथणं सोडायला शिकले: बायोफीडबॅकच्या सहा फेऱ्या आणि आठ महिन्यांचा अनुभव

मी साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते, वय ४७. बद्धकोष्ठतेचा त्रास बारा-तेरा वर्षांचा. शौचाच्या वेळी आतले स्नायू कसे वागतात ते स्क्रीनवर बघत त्यांना सैल सोडायला शिकायचं, अशा बायोफीडबॅकचं प्रशिक्षण सुरू करून आता आठ महिने झाले. या विषयावर मराठीत स्वतःच्या अनुभवातून लिहिलेलं मला त्या काळात काहीच सापडलं नव्हतं, म्हणून संकोच बाजूला ठेवून सगळं लिहिते आहे.

आधी त्रास नेमका काय होता ते सांगते, कारण सगळं तिथेच अडलेलं होतं. मला कळ यायची, मी जाऊन बसायचे आणि अर्धा-पाऊण तास कुंथायचे. थोडंसं व्हायचं, पण आत काहीतरी उरलंय ही भावना जायची नाही. दिवसातून तीन-तीनदा जाऊनही पोट साफ झालं असं वाटत नसे. इसबगोल, त्रिफळा, रात्री एरंडेल, मग डॉक्टरांनी दिलेली पाण्यात विरघळवायची पावडर, सगळं झालं. पावडरने शौच अगदी मऊ व्हायचं, तरी बाहेर येत नसे. पुष्कळदा बोटाने आधार द्यावा लागे. हे मी कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. खरं तर हीच सर्वांत मोठी खूण होती. खडा होत असेल तर औषधाने तो मऊ होतो आणि सुटका होते. शौच मऊ असूनही दाराशी अडत असेल, तर शंका दाराचीच घ्यायला हवी.

मधल्या काळात मूळव्याधीवर उपचार झाले, थायरॉईड तपासलं, कोलोनोस्कोपी झाली. सगळं ठीक निघालं. शेवटी पुण्यातल्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी हातमोजा घालून बोटाने तपासणी केली आणि म्हणाले, "ताई, शौचाला बसल्यावर लावता तसा जोर लावा." मी लावला. ते म्हणाले, "तुम्ही माझं बोट बाहेर ढकलत नाही, आवळून धरताय." बारा वर्षांत ही दोन मिनिटांची तपासणी कोणीही केली नव्हती.

पुढची तपासणी मॅनोमेट्रीची. डाव्या कुशीवर, गुडघे दुमडून झोपवतात आणि दाब मोजणारी एक बारीक नळी आत सरकवतात. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. माझे आकडे मी वहीत उतरवून घेतले होते. नुसतं पडून असताना गुदद्वाराचा दाब पाऱ्याच्या ७२ मिलिमीटरइतका होता. जोर लावल्यावर आतला, म्हणजे गुदाशयाचा, दाब ६४ पर्यंत चढला. तो पुरेसा होता. पण त्याच क्षणी गुदद्वाराचा दाब उतरायच्या ऐवजी १०८ वर गेला. तो निदान २० टक्क्यांनी खाली यायला हवा, म्हणजे माझ्या बाबतीत ५८ च्या खाली. मग कोमट पाण्याने भरलेला ५० मिलिलिटरचा फुगा आत ठेवून कमोडवर बसवलं. निरोगी माणूस तो साधारण मिनिटभरात बाहेर टाकतो. मला पाच मिनिटांतही जमलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गुदाशयाच्या भोवती गोफणीच्या पट्ट्यासारखा एक स्नायू असतो. एरवी तो नळी पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे वळण पडतं आणि शौच थांबून राहतं. बसल्यावर तो सैल पडला की वळण सरळ होतं. माझा स्नायू जोर लावताच आणखी आवळायचा. म्हणजे मी जितकी कुंथत होते तितकं दार घट्ट बसत होतं. हे जन्मजात नाही, बहुतेकदा सवयीतून येतं, असं ते म्हणाले. शाळेतल्या स्वच्छतागृहाची अवस्था पाहून मी वीस वर्षं सकाळी सात ते दुपारी दोन कळ दाबून धरत आले होते. माझ्या बाबतीत कारण तेच असावं असं मला वाटतं.

प्रशिक्षणाच्या सहा फेऱ्या ठरल्या, दर दोन आठवड्यांनी एक, प्रत्येक तासाभराची. प्रशिक्षण देणारी मुलगी तिशीतली होती, मला काकू म्हणायची. तीच नळी, पण या वेळी समोर स्क्रीन आणि त्यावर दोन रेषा. वरची गुदाशयाच्या दाबाची, खालची गुदद्वाराच्या. वरची चढली पाहिजे आणि त्याच वेळी खालची उतरली पाहिजे. बायोफीडबॅक म्हणजे एवढंच. यंत्र काहीही बरं करत नाही. जे आपल्याला आतून कळत नाही ते डोळ्यांना दाखवतं.

पहिल्या फेरीत जोर लावूच दिला नाही. फक्त श्वास. एक हात छातीवर, एक पोटावर, श्वास घेताना पोटावरचा हात वर आला पाहिजे. तेव्हा कळलं की मी जोर लावताना श्वास कोंडते आणि पोट आत ओढते. तिने सांगितलं, "काकू, चूल फुंकताना फुंकणीत फुंकतो तशी लांब फुंकर सोडा, आणि पोट आत नेऊ नका. कंबर चारी बाजूंनी रुंद करा." फुंकर सोडताना घसा मोकळा राहतो, कोंडून धरता येत नाही. त्या फुंकरीबरोबर खालची रेषा पहिल्यांदा ७२ वरून ६३ वर आली. मला आत काहीही वेगळं जाणवलं नव्हतं. स्क्रीन नसती तर ते माझ्याकडून घडलं हे मला कधीच कळलं नसतं.

दुसरी आणि तिसरी फेरी निराशेची गेली. मला जास्त जोर म्हणजे जास्त काम असंच वाटायचं. ती सांगायची की दहापैकी पाच-सहाच जोर लावा. मी आठ-नऊवर गेले की खालची रेषा लगेच उसळी मारायची. पाचवर ठेवला की हळूहळू खाली यायची. तिसऱ्या फेरीच्या शेवटी दहा प्रयत्नांपैकी चार बरोबर आले. शिवाय मी घरी मोबाइलवर बघून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम करत होते, चांगलेच असतील असं समजून. ते तिने बंद करायला लावले. ते व्यायाम आवळायला शिकवतात, आणि मला आधीच तेवढंच येत होतं.

चौथ्या फेरीपासून कुशीवर झोपणं बंद झालं आणि कमोडच्या खुर्चीवर बसून सराव सुरू झाला. हे फार महत्त्वाचं आहे. झोपून जमलेलं बसल्यावर पुन्हा बिघडलं होतं, आणि खरी गरज बसूनच असते. पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल, कोपरं गुडघ्यांवर, पाठ सरळ. मग फुगा आत ठेवून तो बाहेर टाकण्याचा सराव. सुरुवातीला ती नळी हलकेच ओढून मदत करायची, नंतर मदत बंद.

पाचव्या फेरीत संवेदनेवर काम झालं. आत ठेवलेला फुगा १६० मिलिलिटरपर्यंत फुगवल्याशिवाय मला कळ येत नव्हती. वर्षानुवर्षं दाबून धरल्याने असं होऊ शकतं. तिने फुगा १६० वर नेला, ती जाणीव लक्षात ठेवायला सांगितली आणि मग थोडं थोडं कमी करत गेली. तासाभरात १२० वर तीच जाणीव ओळखू येऊ लागली.

सहाव्या फेरीत पाण्याचा फुगा ४० सेकंदांत बाहेर आला. पुन्हा केलेल्या मॅनोमेट्रीत जोर लावल्यावर खालची रेषा ७० वरून ४५ वर उतरली. मी त्या कागदाकडे बघत तिथेच रडले.

घरचा सराव मात्र सहा फेऱ्यांइतकाच मोलाचा निघाला. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं श्वास आणि सैल सोडणं. सकाळी चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत कमोडवर बसायचं, कारण खाल्ल्यावर आतडं आपोआप हालतं. तेही पाचच मिनिटं. झालं नाही तर उठायचं. हे उठणं मला सर्वांत जड गेलं. पहिले तीन आठवडे मी रिकामीच उठत होते आणि भीती वाटायची. रोज वहीत लिहायचे: किती वेळ बसले, जोर किती, नंतर मोकळं वाटलं का.

त्या वहीचे आकडे असे. सुरू करण्याआधी पूर्ण मोकळं वाटलं असे दिवस आठवड्याला एखादा. तिसऱ्या महिन्यात तीन. आता पाच. बोटाचा आधार चौथ्या महिन्यापासून लागलेला नाही. पावडर बंद झालेली नाही, ती निम्म्यावर आली आहे. पोट फुगण्याचा त्रास मात्र फारसा कमी झालेला नाही. डॉक्टर म्हणतात तो वेगळा विषय आहे.

सहाव्या महिन्यात एकदा घसरले. नात्यातल्या लग्नासाठी चार दिवस कार्यालयात मुक्काम, एका स्वच्छतागृहाला वीस माणसं. पुन्हा कळ दाबली, पुन्हा कुंथले, आणि परत आल्यावरही दहा दिवस तेच. बिघडलंय हे ओळखण्याची माझी खूण म्हणजे बेंबीवर ठेवलेला हात. जोर लावताना तो आत जात असेल तर मी जुन्या सवयीवर आहे. तेव्हा जोर लावणं पूर्ण थांबवून आठवडाभर फक्त फुंकरीचा सराव केला आणि एक जादा फेरी घेतली. स्क्रीनवर चूक दहा मिनिटांत सापडली. मी पुन्हा आठच्या जोराने सुरुवात करत होते.

हे प्रशिक्षण सगळ्या बद्धकोष्ठतेसाठी नाही. ज्यांचं आतडंच मंद चालतं आणि दार नीट उघडतं, त्यांना याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून मॅनोमेट्री आणि फुग्याची चाचणी आधी व्हायला हवी. ज्यांना माझ्यासारखा दोष आहे त्यांच्यावर २००६ साली इटलीत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एका गटाला पाच फेऱ्या दिल्या, दुसऱ्याला माझीच ती पावडर. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या सुमारे ८० टक्के लोकांना मोठा फरक पडला होता, पावडरवाल्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांना. मात्र ८० म्हणजे शंभर नव्हे. माझ्याबरोबर येणाऱ्या एका काकांना पाच फेऱ्यांनंतरही खालची रेषा उतरवता आली नाही. त्यांचा पुढचा तपास चालू आहे.

कुठे जायचं ठरवत असाल तर फोनवर दोन गोष्टी विचारा. प्रशिक्षण बसूनही देतात का, आणि प्रत्येक फेरीला तीच व्यक्ती असते का. मी आधी चौकशी केलेल्या एका ठिकाणी मॅनोमेट्री होती, पण सराव करून घ्यायला माणूसच नव्हता. अहवाल हातात देऊन "जोर लावू नका" एवढंच सांगून घरी पाठवायचे. बाईमाणसाला बाईच प्रशिक्षक हवी असेल तर तसंही आधीच सांगा, मला ती मिळाली म्हणून मी दुसऱ्या फेरीला गेले.