माझी बिले थांबली, भावाचे कर्ज फिटले

एका कंपनीला मी सात महिने उधारीवर माल पुरवला आणि माझे 16 लाख रुपये बुडाले. संचालक दर वेळी सांगत, "आमचीच वसुली थकली आहे, पुढच्या आठवड्यात धनादेश देतो," आणि त्या शब्दावर मी पुढची खेप पाठवत असे. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर तिची मालमत्ता विकून देणी भागवायला नेमलेल्या परिसमापकाने बँकेचे खातेउतारे तपासले, तेव्हा कळले की मला पहिले आश्वासन मिळाले त्याच आठवड्यात संचालकांच्या सख्ख्या भावाचे 40 लाखांचे विनातारण कर्ज एकरकमी फेडले गेले होते.

दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 43 नुसार जुने देणे फेडताना एखाद्या धनकोला रीतसर वाटपात मिळाले असते त्याहून अधिक पदरात पाडून दिले, तर तो व्यवहार उलटवता येतो. मात्र धनको परका असेल तर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होण्याआधीचे 1 वर्षच तपासले जाते आणि संबंधित व्यक्ती असेल तर 2 वर्षे. ही परतफेड 14 महिने आधीची होती; म्हणजे भावाच्या जागी परका असता तर ती सुटली असती. हेतू वाईट नव्हता, हा भावाचा बचाव टिकला नाही, कारण या कलमात हेतू सिद्ध करावा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. परतफेड नेहमीच्या कारभारातली होती, हेही त्याला दाखवता आले नाही. त्याआधी एकही हप्ता गेलेला नव्हता.

त्याच काळात सुमारे 30 लाखांचे यंत्र संचालकांच्या पत्नीच्या फर्मला 12 लाखांत विकले गेले होते. कमी मोबदल्याच्या या व्यवहारावर परिसमापकाने कलम 45 खाली अर्ज केला आणि न्यायाधिकरणाने फरकाची रक्कम भरायला लावली. परिसमापक असा अर्ज करत नसेल, तर कलम 47 नुसार धनकोला स्वतः दाद मागता येते, हे मला फार उशिरा समजले.

बुडणार हे ठाऊक असूनही माझा माल उचलत राहणे, ही मला यातली सर्वांत मोठी लबाडी वाटते. त्यासाठी कलम 66(1) खाली संचालकांना स्वतःच्या खिशातून भरपाई करायला लावता येते, पण धनकोंना फसवण्याचा हेतू पुराव्यानिशी दाखवावा लागतो. तसा अर्ज अजून प्रलंबित आहे.

वसूल झालेले पैसे थेट माझ्याकडे आले नाहीत. ते कंपनीच्या मालमत्तेत जमा झाले आणि कलम 53 च्या क्रमाने आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची आणि तारणधारकांची देणी भागली. पुरवठादारांची पाळी बरीच शेवटी येते, त्यामुळे 16 लाखांपैकी माझ्या हाती 2 लाख पडले.

ही फसवणूक त्यांच्या वार्षिक ताळेबंदात दिसत होती. वर्षभरात पुरवठादारांची देणी वाढली होती आणि संचालकांच्या नातेवाइकांची कर्जे शून्यावर आली होती. कंपनी निबंधकाकडे दाखल झालेला तो ताळेबंद शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. मी तो उघडला, तेव्हा माझी शेवटची खेप पोहोचून चार महिने झाले होते.