एपीएल: अ‍ॅट्राच्या जोडीला आर्सेनिक घ्यावं की केमो?

रक्ताच्या कर्करोगाचं निदान सांगताना डॉक्टर 'एपीएल' म्हणाले असतील, म्हणजे अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, तर घरच्यांसमोर एकामागोमाग दोन प्रश्न येतात. पहिला काही तासांचा असतो आणि त्यात खरं तर निवड करायला जागाच नसते. दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा दोन-तीन दिवस हाताशी असतात. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे, पण पहिल्यात चूक झाली तर दुसऱ्याची वेळच येत नाही. म्हणून सुरुवात तिथून करतो.

पहिला प्रश्न: रिपोर्टची वाट पाहायची का?

नाही. एपीएलचा नुसता संशय आला तरी अ‍ॅट्रा या औषधाच्या कॅप्सूल त्याच दिवशी सुरू करायच्या असतात.

कारण असं. या आजारात 15 आणि 17 या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन चिकटतात आणि 'पीएमएल-रारा' नावाचं एक जोडप्रथिन तयार होतं. ते पांढऱ्या पेशींची वाढ मधल्याच एका पायरीवर अडवून धरतं. या अर्धवट पेशींमध्ये रक्त गोठवणारे पदार्थही असतात आणि झालेली गुठळी विरघळवणारेही. त्यामुळे शरीरभर बारीक गुठळ्या होत राहतात, गोठण्याचा सगळा माल संपतो, आणि मग हिरड्यांतून, त्वचेखाली, फुप्फुसांत किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. या रोगात सुरुवातीच्या दिवसांत होणारे मृत्यू प्रामुख्याने अशा रक्तस्रावाचे असतात.

अ‍ॅट्रा हे 'अ' जीवनसत्त्वापासून मिळणारं आम्ल, औषधी नाव ट्रेटिनॉइन. ते अडकलेल्या पेशींना मारत नाही, त्यांना पुढे वाढू देतं. पेशी प्रौढ होतात आणि आपल्या वेळेला आपोआप मरतात. रक्त गोठण्यातला गोंधळही काही दिवसांत निवळू लागतो. 1988 साली शांघायच्या वांग झेन्यी यांच्या गटाने 24 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या 23 जणांचा रोग फक्त या औषधाने आटोक्यात आला होता. (दुकानात मिळणाऱ्या 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हे काम होत नाही. ते वेगळं रसायन आहे, आणि जास्त घेतल्यास यकृताला घातक.)

जनुकीय तपासणीचा रिपोर्ट यायला दिवस लागू शकतात. तो नकारात्मक आला तर अ‍ॅट्रा थांबवता येतं आणि चार दिवस घेतल्याने फारसं बिघडत नाही. उलट रोग खरा असेल आणि ते चार दिवस वाट पाहण्यात गेले, तर ते भरून काढता येत नाहीत.

एक उदाहरण घेऊ

हे काल्पनिक आहे, पण यातला प्रत्येक टप्पा वॉर्डात नेहमी दिसतो. बाई 34 वर्षांच्या, वजन 60 किलो, उंची 160 सेंटिमीटर. आठवडाभर हिरड्यांतून रक्त, मांड्यांवर काळेनिळे डाग, पाळीत न थांबणारा रक्तस्राव. पांढऱ्या पेशी 1,900, प्लेटलेट्स 18,000, रक्त गोठवणारं प्रथिन फायब्रिनोजेन 90. रक्ताची काच पाहून संध्याकाळी डॉक्टर एपीएलची शंका बोलून दाखवतात.

अ‍ॅट्राचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो: एका चौरस मीटरला दिवसाला 45 मिलिग्रॅम. यांचं क्षेत्रफळ साधारण 1.6 चौरस मीटर, म्हणजे दिवसाला 70 मिलिग्रॅमच्या आसपास. 10 मिलिग्रॅमच्या सात कॅप्सूल, चार एका वेळी आणि तीन दुसऱ्या वेळी, जेवणासोबत. त्याच रात्री प्लेटलेट्स चढवून त्या 30 ते 50 हजारांच्या वर ठेवायच्या आणि क्रायोप्रेसिपिटेट हा रक्तघटक देऊन फायब्रिनोजेन 150 च्या वर न्यायचं. पुढचे काही दिवस या तपासण्या दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा होतात. मानेतली मोठी नळी किंवा पाठीतून पाणी काढणं या काळात शक्यतो टाळतात, कारण टोचलेल्या जागेचं रक्त थांबत नाही. गर्भधारणेची चाचणीही आधीच करायची असते. त्याचं कारण पुढे येईल.

दुसरा प्रश्न: जोडीला काय?

एकट्या अ‍ॅट्राने रोग आटोक्यात येतो, पण टिकत नाही, परततो. म्हणून जोडीदार लागतो. तो कोणता, हे एका आकड्यावरून ठरायला सुरुवात होते: निदानाच्या दिवशी पांढऱ्या पेशी किती होत्या. 10,000 किंवा त्याहून कमी असतील तर धोका कमी, त्याहून जास्त असतील तर धोका जास्त. आपल्या उदाहरणातल्या बाई पहिल्या गटात आहेत, आणि खरी निवड याच गटात असते.

एक वाट केमोची: अ‍ॅट्रा आणि इडारुबिसिन. पहिल्या आठवड्यात इडारुबिसिनचे एक दिवसाआड चार डोस, मग महिन्या-महिन्याच्या अंतराने केमोच्या तीन फेऱ्या. त्यानंतर दोन वर्षं देखभालीच्या गोळ्या: मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि अधूनमधून अ‍ॅट्रा.

दुसरी वाट आर्सेनिक ट्रायऑक्साइडची. होय, आपण ज्याला सोमल म्हणतो तेच, पण शुद्ध केलेलं आणि मोजून शिरेतून दिलेलं. अ‍ॅट्रा त्या जोडप्रथिनाचं 'रारा' हे टोक पकडतं आणि आर्सेनिक 'पीएमएल' हे टोक पकडून प्रथिन मोडीत काढतं. दोन्ही टोकांवर एकाच वेळी काम होत असल्याने ही जोडी इतकी परिणामकारक ठरते.

इटली आणि जर्मनीतल्या रुग्णालयांनी कमी धोक्याच्या रुग्णांत या दोन वाटांची समोरासमोर तुलना केली. पहिले निष्कर्ष 2013 साली आले, अंतिम 2017 साली. 50 महिन्यांनी रोग न परतता, उपचार न फसता जिवंत असलेले रुग्ण आर्सेनिकच्या गटात सुमारे 97 टक्के होते, केमोच्या गटात 80 टक्के. रोग परतण्याचं प्रमाण सुमारे 2 टक्के विरुद्ध 14 टक्के. एक मात्र ध्यानात ठेवा: चाचणीत नाव नोंदवण्याआधीच जे दगावतात, ते असल्या आकड्यांत नसतात. म्हणून पहिल्या रात्रीवर एवढा भर दिला.

रोजच्या जगण्यात फरक काय पडतो?

केमोच्या वाटेवर अस्थिमज्जा बरेच दिवस रिकामी राहते. प्लेटलेट्स उशिरा सावरतात, ताप येतो, जंतुसंसर्ग होतो, केस गळतात. इडारुबिसिनच्या गटातली औषधं हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात, आणि वर्षांनंतर दुसराच रक्तकर्करोग होण्याची लहानशी शक्यता मागे राहते.

आर्सेनिकच्या वाटेवर यातलं बरंचसं टळतं, पण वेळ द्यावा लागतो. डोस किलोमागे 0.15 मिलिग्रॅम, म्हणजे या बाईंना रोज 9 मिलिग्रॅम, सुमारे दोन तासांच्या सलाईनमधून. रोग आटोक्यात येईपर्यंत रोज, आणि त्याला साधारण महिनाभर किंवा थोडा जास्त काळ लागतो. पुढे आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे चालू, चार आठवडे बंद, अशा चार फेऱ्या. नुसत्या या फेऱ्यांच्याच 80 सलाईन होतात. रुग्णालय दूर असेल तर निवड करण्याआधी हा आकडा घरात मोकळेपणाने बोलून घ्या. दुसऱ्या बाजूला, सगळं साधारण आठ-नऊ महिन्यांत संपतं आणि दोन वर्षांच्या गोळ्या लागत नाहीत.

आर्सेनिकची खरी जोखीम हृदयाच्या तालाची आहे. ईसीजीवर 'क्यूटी' नावाचं अंतर मोजतात. ते 500 मिलिसेकंदांच्या पुढे गेलं तर औषध थांबवून कारण शोधतात. म्हणून सुरुवातीला आठवड्यातून दोनदा ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम 4 च्या वर आणि मॅग्नेशियम 1.8 च्या वर. उलटीवरची ओन्डान्सेट्रॉनसारखी औषधं, बुरशीवरची काही औषधं आणि काही अँटिबायोटिक्सही हेच अंतर वाढवतात. त्यामुळे बाहेरून कुणीही दिलेली गोळी आधी रक्तविकार विभागाला विचारूनच घ्यायची. यकृताचे आकडेही या वाटेवर जास्त वेळा वाढतात, पण काही दिवस औषध थांबवलं की बहुधा खाली येतात.

दोन्ही वाटांवर येणारं एक वळण

आपल्या रुग्णाने आर्सेनिक निवडलं असं धरू. नवव्या दिवशी पांढऱ्या पेशी 1,900 वरून 24,000 झाल्या. घरचे हादरतात: रोग वाढला का? आपण चुकीचं निवडलं का? नाही. अडकलेल्या पेशी मोकळ्या होऊन प्रौढ होत आहेत, म्हणून संख्या चढते. धोक्याचा गट निदानाच्या दिवशीच्या आकड्यावर ठरतो, या आकड्यावर नाही. डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया देऊन संख्या खाली आणतात, आर्सेनिक चालूच राहतं.

अकराव्या दिवशी वजन चार किलोंनी वाढलेलं दिसतं, पाय सुजतात, ताप येतो आणि आडवं झालं की धाप लागते. हा डिफरन्सिएशन सिंड्रोम, म्हणजे पेशी प्रौढ होताना शरीरात उठणारी प्रतिक्रिया, आणि इथे तास मोजायचे असतात. संशय येताच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड 10 मिलिग्रॅम दर बारा तासांनी शिरेतून सुरू करतात, एक्स-रेची वाट पाहत नाहीत. प्रकृती फारच खालावली तरच अ‍ॅट्रा आणि आर्सेनिक तात्पुरतं थांबवतात. घरच्यांना इथे करता येण्यासारखं एक काम आहे: रोज सकाळी त्याच काट्यावर वजन आणि त्याची नोंद. असह्य डोकेदुखी आणि दोन-दोन दिसणं हेही लगेच सांगा. अ‍ॅट्रामुळे मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो, विशेषतः मुलांमध्ये.

मग केमो कधी?

निदानालाच पांढऱ्या पेशी 10,000 च्या वर असतील तेव्हा अ‍ॅट्रा-आर्सेनिक एवढ्यावर भागत नाही. पेशींचा भार लवकर उतरवायला इडारुबिसिनचे काही डोस किंवा जेमटुझुमॅब जोडतात, आणि त्यासाठी दिवस दवडत नाहीत. क्यूटी मुळातच फार लांबलेलं असेल आणि दुरुस्त होत नसेल, किंवा आर्सेनिक मिळतच नसेल, तर अ‍ॅट्रा-केमो हा जुना आणि भक्कम पर्याय आहे. तो घेऊनही बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

गर्भधारणा असेल तर चित्र पालटतं. आर्सेनिक पूर्ण वर्ज्य, आणि पहिल्या तीन महिन्यांत अ‍ॅट्रानेही गर्भात गंभीर व्यंगं होतात. त्या काळात हातात मुख्यतः केमोच उरतं, आणि गर्भाबद्दलचा कठीण निर्णयही सोबत येतो. गर्भ नसलेल्या तरुण स्त्रीने उपचारभर आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके महिने गर्भनिरोधक वापरायचं.

कमी धोका, बरा ईसीजी, गर्भ नाही आणि रोज सलाईनला पोचणं जमण्यासारखं असेल, तर मी माझ्या माणसासाठी आर्सेनिकच मागेन. अंतर हीच एक अडचण असेल, तर केमोकडे वळण्याआधी सलाईन घराजवळच्या रुग्णालयात देता येईल का आणि ईसीजी तिथे कोण वाचेल, हे विचारेन.

महिन्याभरानंतरच्या मज्जा तपासणीत पीएमएल-रारा अजून सापडलं, तर घाबरून वाट बदलू नका. तेव्हा ते सापडणं अपेक्षितच असतं. ज्या रिपोर्टमध्ये ते नसायलाच हवं, तो शेवटच्या फेऱ्या संपल्यानंतरचा.