स्टेरॉइडआधी स्ट्राँगिलॉइडिस: तपासायचं की थेट औषध द्यायचं?

समजा, वाळवा तालुक्यातले 58 वर्षांचे शेतकरी आहेत, वजन 60 किलो. आयुष्यभर उसाला अनवाणी दारं धरलेली. आता पेम्फिगस झालाय आणि उद्यापासून रोज 60 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू होणार आहे. साखर आणि टीबी तपासून झालं. जंतांचं विचारलं तर म्हणतात, "ती गोळी घेतलीय की." ती गोळी म्हणजे अल्बेंडाझोलचा एक डोस. इतर जंतांना तो चालतो, स्ट्राँगिलॉइडिस या जंतावर मात्र त्याचा भरवसा नाही.

हा जंत मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरतो. बहुतेक जंतांची अंडी शरीराबाहेर पडावी लागतात. याच्या अळ्या मात्र आतड्यातच तयार होऊन तिथूनच पुन्हा रक्तात शिरतात. म्हणून शेत सोडून वीस-तीस वर्षं झाली तरी माणूस मोकळा होत नाही. प्रतिकारशक्ती शाबूत असेपर्यंत संख्या आटोक्यात राहते. स्टेरॉइडने तो लगाम सुटला की अळ्या बेसुमार वाढतात.

शौचाची तपासणी स्वस्त आहे, पण एका नमुन्यावर "नाही" म्हणू नये. अळ्या थोड्या आणि अधूनमधून पडतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त रुग्ण सुटू शकतात. वेगवेगळ्या दिवसांचे नमुने किंवा अगार प्लेटवर कल्चर केलं तर जास्त सापडतात, पण त्यात दिवस जातात. रक्तातली अँटिबॉडी तपासणी बरीच सरस. मात्र दुसऱ्या जंतांमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि प्रतिकारशक्ती आधीच दबलेली असेल तर खोटी निगेटिव्ह.

तिसरा मार्ग थेट आयव्हरमेक्टिनचा. किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे या काकांना 12 मिलिग्रॅम, सलग दोन दिवस. गरोदर बाई किंवा 15 किलोखालचं मूल नसेल तर धोका कमी. स्टेरॉइड थांबवता येत नसेल तेव्हा मी रक्ताचा नमुना घेऊन औषध लगेच देईन, रिपोर्टची वाट बघणार नाही. स्टेरॉइडला आठवडा-दोन आठवडे अवकाश असेल, तर आधी तपासणं रास्त.

अळ्यांची ही बेसुमार वाढ सुरू झाल्यावर ती ओळखणं अवघड का, तर इओसिनोफिल वाढण्याची खूण स्टेरॉइडच पुसून टाकतं. अळ्या फुप्फुसातून जाताना खोकला आणि घरघर होते. ती दमा समजून स्टेरॉइड आणखी वाढवलं जातं. पोट फुगतं, जुलाब होतात, त्याला औषधाचा त्रास म्हणतात. पुढे अळ्यांबरोबर आतड्यातले जिवाणू रक्तात जातात, आणि चार्टवर नुसतं "सेप्सिस" उरतं. स्टेरॉइडवरच्या माणसाच्या रक्तात किंवा पाठीच्या पाण्यात ई. कोलाय, क्लेब्सिएला निघाले आणि त्याचा उगम सापडत नसेल, तर थुंकी आणि शौच त्याच दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहायला सांगा. तिथे हलणारी अळी दिसली तर दोन दिवसांचा डोस पुरत नाही. नमुने सलग दोन आठवडे स्वच्छ येईपर्यंत आयव्हरमेक्टिन रोज द्यावं लागतं.