आठ महिने ब्रॉड टार्गेटिंग वापरून: मसाल्याच्या धंद्यातला हिशेब

आमच्या वहिनी कोल्हापूरजवळ घरी कांदा लसूण मसाला, मेतकूट आणि भाजणी करतात. मसाला त्या बघतात, वेबसाइट आणि जाहिरातींचं मी बघतो. ऑक्टोबरपासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर सलग जाहिराती चालू आहेत. "जाहिरात कुणाला दिसावी हे ठरवायला इंटरेस्ट, म्हणजे लोकांच्या आवडी, टाकायचे की ब्रॉड, म्हणजे मोकळं, ठेवायचं" हा प्रश्न मी या आठ महिन्यांत तीनदा सोडवला आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. म्हणून हे लिहितोय.

आधी आमचा हिशेब, कारण त्याशिवाय पुढचे आकडे हवेत राहतील. सरासरी ऑर्डर ६९० रुपयांची. कच्चा माल, कांडप, पॅकिंग, कुरिअर मिळून ३९० जातात. उरले ३००. एक ऑर्डर आणायला जाहिरातीवर ३०० पेक्षा जास्त गेले, तर वहिनी फुकट मसाला कुटतायत असा अर्थ.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. दिवसाला ९०० रुपये आणि सहा ॲड सेट, म्हणजे स्वतंत्र बजेट आणि प्रेक्षक असलेले जाहिरातींचे गट: एकात कुकिंग, दुसऱ्यात इंडियन क्विझिन, तिसऱ्यात ऑनलाइन खरेदी करणारे, आणि असेच आणखी तीन. प्रत्येकाला १५० रुपये. रात्री जेवण झालं की मोबाइल घेऊन बसायचं, ज्याची ऑर्डर महाग दिसेल तो बंद करायचा आणि नवा इंटरेस्ट टाकायचा. आठवड्याला सगळ्या मिळून २५ ऑर्डर, म्हणजे एक ऑर्डर २५२ रुपयांना. वाईट नव्हतं. पण सहाच्या सहा ॲड सेटसमोर Learning limited, म्हणजे शिकणं अपुरं, लिहिलेलं असायचं आणि मी तिकडे काणाडोळा करायचो.

गोम तिथेच होती. मेटा स्वतः सांगतं की एका ॲड सेटला आठवड्यात साधारण ५० वेळा हवी ती कृती मिळाली, आमच्या बाबतीत ५० खरेद्या, की कोण विकत घेतं हे यंत्रणेचं शिकणं स्थिरावतं. माझ्या एकेका ॲड सेटला मिळत होत्या चार. त्यात बजेट, टार्गेटिंग किंवा जाहिरात यांत मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि मी तो एक दिवसाआड करत होतो. पेरलेलं उगवायच्या आत रान परत नांगरायचं, तसला प्रकार.

डिसेंबरात कुठेतरी वाचलं की ब्रॉड हेच भविष्य. ब्रॉड म्हणजे इंटरेस्टचा रकाना रिकामा ठेवायचा, फक्त ठिकाण आणि वय द्यायचं, बाकी यंत्रणेवर सोडायचं. सहा ॲड सेट बंद केले, एकच ठेवला, ठिकाण अख्खा भारत. सहा दिवसांत ५,४०० रुपये गेले आणि ऑर्डर आल्या १४. एक ऑर्डर ३८६ ला. घाबरून बंद केलं आणि दोस्तांत सांगत सुटलो की ब्रॉड आपल्यासारख्यांचं काम नव्हे.

चूक कुठे झाली ते महिन्याभराने कळलं, जेव्हा रिपोर्टमध्ये राज्यानुसार फोड काढून बघितली. निम्म्याहून जास्त पैसा अशा राज्यांत गेला होता जिथे कांदा लसूण मसाला म्हणजे काय हे सांगण्यापासून सुरुवात करावी लागते. यंत्रणेचाही दोष काढता येत नाही. तिच्याकडे आमच्या ग्राहकाची ओळख पटवणारे फार थोडे पुरावे होते, म्हणून ती चाचपडत होती. शिवाय आमची जाहिरात मुकी होती: लाल मसाल्याचा ढीग, वर चमचा, मागे संगीत. बघून कुणीही क्लिक करावं, घ्यावं मात्र कुणी नाही.

जानेवारीत आधी पुरावे मोजायचं काम केलं. ॲड्स मॅनेजर एका आठवड्यात १९ खरेद्या दाखवत होता, वहिनींच्या वहीत ११. एकच खरेदी ब्राउझरमधला पिक्सेल, म्हणजे वेबसाइटवर बसवलेला मेटाचा कोड, मेटाला कळवायचा आणि सर्व्हरवरून कन्व्हर्जन्स एपीआय पण कळवायचा, आणि दोन्हींचा `event_id`, म्हणजे त्या खरेदीचा ओळख क्रमांक, जुळत नसल्याने ती दोनदा मोजली जात होती. दुसरी गंमत फोन नंबरची. ग्राहकाचा नंबर हॅश करून, म्हणजे सांकेतिक रूपात बदलून, पाठवायचा तर आधी देशाचा कोड हवा. आमचे नंबर 91 शिवाय जात होते, म्हणून कुणाच्या खात्याशी जुळतच नव्हते. ते दुरुस्त केल्यावर खरेदीच्या इव्हेंटचा, म्हणजे पाठवलेल्या नोंदीचा, Event Match Quality हा माहिती खात्यांशी किती जुळते यावर दहापैकी मिळणारा गुण चारवरून सातच्या वर गेला. जाहिरातीत मी एक अक्षर बदललं नव्हतं.

मध्ये एक आडवळण झालं. खरेद्या कमी पडतात तर AddToCart वर चालवू, ती कृती आठवड्याला ५० सहज होते, असा विचार केला. झालीही, दीडशेच्या वर. पण यंत्रणा आपण मागतो तेच आणून देते. टोपलीत माल टाकून निघून जाणारी माणसं मागितली, तीच आली. दोन आठवड्यांत गुंडाळलं आणि पुन्हा Purchase वर आलो.

फेब्रुवारीत नवी मांडणी केली. एकच ॲड सेट. ठिकाण महाराष्ट्र, गोवा आणि महाराष्ट्राबाहेरची मराठी वस्तीची शहरं. जुने ग्राहक वगळले. इंटरेस्ट नाही. भाषेचा रकानाही रिकामा, कारण तो माणसाने ॲप कोणत्या भाषेत ठेवलंय त्यावर चालतो, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या मराठी माणसांचा फोन इंग्रजीत आहे. त्याऐवजी जाहिरातच बोलती केली. वहिनी डंकासमोर उभ्या राहून पहिल्याच वाक्यात विचारतात, "यंदाची चटणी केली का?" आमच्याकडे वर्षाच्या मसाल्याला चटणीच म्हणतात. हे ज्याला कळतं तो थांबतो, बाकीचे दोन सेकंदांत पुढे जातात. कोण थांबलं आणि कोण गेलं, हाच यंत्रणेला मिळणारा इशारा. इंटरेस्टच्या रकान्यातून मी जी चाळण लावू बघत होतो, ती त्या एका वाक्याने लावली.

मार्चमध्ये मसाल्याचा हंगाम सुरू झाला, बजेट १,५०० केलं. ५० च्या आकड्याकडे उलटं बघितलं की बजेट किती लागेल ते कळतं: ऑर्डर २०० ला पडत असेल तर आठवड्याला दहा हजार हवेत, म्हणजे दिवसाला साधारण १,४३०. एवढे नसतील तर ॲड सेटचे तुकडे करायचेच नाहीत. आम्हाला आठवड्याला ५३ ऑर्डर आल्या, १९८ ला एक. पाकिटं इंदूर, बडोदा, बेळगावला जायला लागली. विकत घेणाऱ्यांत पंचेचाळिशीच्या पुढचे पुरुषही भरपूर निघाले. माझ्या इंटरेस्टच्या यादीत हा गृहस्थ कधीच आला नसता.

पण हंगाम होता, तेव्हा श्रेय ब्रॉडला द्यायचं की उन्हाळ्याला? मेटाच्या ए/बी टेस्टमध्ये ब्रॉड आणि इंटरेस्ट दोन आठवडे समोरासमोर लावून बघितले, म्हणजे एका माणसाला दोन्ही बाजूंच्या जाहिराती दिसत नाहीत. दोन्हीकडे दिवसाला ७५०, जाहिरात तीच. ब्रॉडला ५२ ऑर्डर, इंटरेस्टला ४९. एवढा फरक नाणं उडवूनही पडतो. निकाल बघून आधी हिरमुसलो, मग कारण सापडलं. खरेदीसाठी ऑप्टिमाइझ करताना आपण दिलेले इंटरेस्ट हे कुंपण राहत नाही. जास्त विक्री मिळेल असं वाटलं तर यंत्रणा त्याबाहेर जाते, आणि या प्रकारात तो विस्तार बंद करता येत नाही. म्हणजे खात्यात पुरेसे इशारे साठल्यावर मी ब्रॉडची तुलना जवळजवळ ब्रॉडशीच करत होतो.

खरा दणका यानंतर बसला. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कोपऱ्यात बघा जरा." परत आलेल्या पाकिटांची रास. त्या आठवड्याच्या ५३ ऑर्डरींपैकी ४१ कॅश ऑन डिलिव्हरी होत्या आणि १३ परत आल्या होत्या. पोचलेल्या ४० वर जाहिरातीचे १०,५०० वाटले तर एक ऑर्डर २६२ ला. परतीच्या प्रत्येक पाकिटामागे जाण्यायेण्याचे १४० रुपये, ते वाटले की ३०८. रिपोर्टमध्ये १९८, वहीत तोटा.

यंत्रणेच्या दृष्टीने "धन्यवाद" पानावर पोचला तो ग्राहक. दारात पार्सल नाकारणारा आणि हातात घेऊन पैसे देणारा, दोघे तिला सारखेच. उलट बिनधास्त ऑर्डर टाकणारी माणसं स्वस्तात सापडतात, म्हणून ती तशीच आणखी शोधत राहते. ब्रॉडमध्ये तिला मोकळं रान, त्यामुळे चुकीचं शिकली तर तेही झपाट्याने.

उपाय असा केला. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीवर ब्राउझरमधून Purchase जाणं बंद. व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, ग्राहकाने "हो" म्हटलं की सर्व्हरवरून Purchase जातो, सोबत क्लिकची ओळख सांगणारा `fbc` आणि ऑर्डरची मूळ वेळ. पार्सल पोचल्यावरच पाठवावं असंही मनात होतं, पण सात दिवसांपेक्षा जुना इव्हेंट एपीआय घेत नाही आणि आमची लांबची पाकिटं कधीकधी आठ दिवस घेतात. होकार दुसऱ्या दिवसापर्यंत येतो, तेवढा उशीर चालतो.

पहिले दहा दिवस आकडे वाईट दिसले. या वेळी हात लावला नाही. पाचव्या आठवड्यात तेवढ्याच खर्चात पक्क्या ऑर्डर ४७, परत आल्या ४. पोचलेली ऑर्डर २४४ ला, परतीचा खर्च धरून २५७. ४३ रुपये हातात, वर पुन्हा मागवणारे वेगळे.

इंटरेस्ट कायमचे टाकून दिलेत असं मात्र नाही. नाशिकचा एक मित्र बोन्सायच्या कुंड्या विकतो. त्याचं खातं नवं, आठवड्याला तीन ऑर्डर, बजेट ३००. त्याला मी ब्रॉड ठेवायला सांगितलं नाही. बोन्साय आणि बागकाम एवढेच इंटरेस्ट, एकच ॲड सेट, आणि खरेदीऐवजी आधी InitiateCheckout वर, कारण त्या इव्हेंटपर्यंत येणारा निदान पत्ता टाकायला बसलेला असतो. तो दर रविवारी मला फोन करून विचारतो, आता काढू का इंटरेस्ट. मी विचारतो, या आठवड्यात किती? गेल्या रविवारी नऊ होत्या.