6,200 रुपयांचा वाचन-अहवाल: आठ महिन्यांनंतर

निपाणीच्या तंबाखू वखारीत काम करणाऱ्या एका बाईवरची माझी पहिली कादंबरी 62,000 शब्दांवर पोहोचली, तेव्हा ती वाचून कुणीतरी खरं सांगावं असं वाटू लागलं. बेळगावातले मित्र "मस्त झालीय की" म्हणायचे आणि विषय बदलायचे. मग पैसे मोजून वाचून घ्यायचं ठरवलं.

पहिला अनुभव फसला. 2,500 रुपयांत चार पानांचा अहवाल आला: भाषा ओघवती, व्यक्तिरेखा जिवंत, मधला भाग थोडा लांबलाय. कोणता मधला भाग, कुठल्या पानापासून, का लांबलाय, काहीच नाही. शिवाय "करालास", "येतोय की" हे आमचं बोलणं लाल करून "करतोस", "येतो" असं प्रमाण मराठीत आणलं होतं. ते मी मागितलंच नव्हतं. वखारीतली बाई पुण्यासारखी बोलू लागली तर ती निपाणीची राहतच नाही.

दुसऱ्यांदा पुण्यातल्या एका अनुभवी संपादिकेकडे गेलो. त्याआधी तीन बीटा वाचकांकडून, म्हणजे छपाईआधी वाचून प्रतिक्रिया देणाऱ्या साध्या वाचकांकडून, कादंबरी वाचून घेतली: बेळगावातल्या शहापूरची एक गृहिणी, खानापूरचे एक शिक्षक आणि सोलापूरची एक विद्यार्थिनी. तिघांना एकच विनंती केली होती, जिथे वाचन थांबवावंसं वाटेल तिथे पान क्रमांक लिहा. तिघांचेही क्रमांक सातव्या ते नवव्या प्रकरणात पडले. कारणं मात्र तीन वेगवेगळी आली. एकीला वखारीची वर्णनं जास्त वाटली, दुसऱ्याला माणसं फार झाली, तिसरीला संवाद कळेनात. मी तिन्ही दुरुस्त करायला बसलो असतो तर कादंबरी मोडली असती.

संपादिकाबाईंच्या अहवालाचं मोल मला इथे कळलं. पहिल्या पानावर त्यांनी कथा स्वतःच्या शब्दांत सांगितली होती. ते वाचतानाच लक्षात आलं की नायिकेच्या वडिलांचं कर्ज, ज्यावर सगळी कथा उभी आहे, त्यांच्या सारांशात फार उशिरा येतं. पुढे त्यांनी लिहिलं होतं की वाचक सातव्या प्रकरणात कंटाळतो, पण चूक चौथ्यात आहे. तिथे मुलीचं लग्न ठरतं, वाचकाचा एकमेव प्रश्न सुटतो, आणि कर्जाचा प्रश्न त्याला अजून माहीतच नसतो. मधली पाच प्रकरणं तो कशासाठी वाचेल? वर्णन लांब वाटतं ते म्हणूनच.

त्यांनी उपाय लिहून दिला नाही, कंटाळ्याचं कारण दाखवलं. तीनच गोष्टी महत्त्वाच्या म्हणून क्रमाने मांडल्या आणि काय बदलू नये तेही सांगितलं. बोलीला हात लावू नका. फक्त "हौदु", "साकु" असे कन्नड शब्द पहिल्यांदा येतील तिथे प्रसंगातून अर्थ कळू द्या, कंसात देऊ नका. मी कर्ज तिसऱ्या प्रकरणात आणलं, आठवं पूर्ण काढलं. आता 54,000 शब्द आहेत. नव्या दोन वाचकांना दिली, तेव्हा त्या भागात एकही पान क्रमांक आला नाही. आता एकीने शेवटाकडचा एक पान क्रमांक लिहिलाय, त्यावर काम चालू आहे.

आता दराचं. त्यांनी शब्दामागे 10 पैसे सांगितले, म्हणजे 6,200 रुपये. मला आधी जास्त वाटलं, मग त्यांनी तासांचा हिशेब दिला. सलग वाचन सुमारे 5 तास, टिपणं काढत दुसरं वाचन 10 तास, अहवाल लिहायला 5 आणि फोनवर 1. म्हणजे 21 तास, तासाला 300 रुपयांच्या आत. 2,500 रुपयांत एवढंच काम करायचं तर तासाला 120 सुद्धा पडत नाहीत. एकदा भरभर वाचून चार वाक्यं लिहिली तरच ते परवडतं. शुद्धलेखन या दरात येत नाही, ते वेगळं काम आहे आणि मजकूर पक्का झाल्यावरच करावं.

निम्मे पैसे आधी, निम्मे अहवालानंतर असं ठरलं होतं. त्याआधी पहिल्या प्रकरणावर त्यांनी 500 रुपयांत नमुना टिपण दिलं आणि ते पुढच्या रकमेतून वजा केलं. माझ्या मते नमुन्याशिवाय कुणालाच पूर्ण हस्तलिखित देऊ नये.

तक्रारी दोन. चार आठवडे सांगून अहवाल सात आठवड्यांनी आला, आणि उशीर झाला तर काय हे आम्ही लिहून घेतलं नव्हतं. दुसरं, बाईंना कन्नड येत नाही, त्यामुळे घरातला एक कन्नड संवाद त्यांना भांडणाचा वाटला, जो खरंतर थट्टेचा आहे. ती जागा शहापूरच्या वाचक ताईंनी पकडली. सीमाभागातल्या लिखाणाला अहवाल बाहेरून घ्या, पण बीटा वाचकांत एक तरी दोन्ही भाषा बोलणारा ठेवा.

फाईल युनिकोडमध्येच पाठवा. माझी जुनी प्रकरणं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती, रूपांतर करताना जोडाक्षरं तुटली आणि ती सुधारण्यात माझा आठवडा गेला.