सीपीके वापरून काही महिन्यांनी: टर्निंग शॉपमधला अनुभव

एखादा जॉब कधी बरोबर येतो, कधी टॉलरन्सबाहेर जातो आणि कारण कोणालाच नीट सांगता येत नाही, अशा जागी सीपीके, म्हणजे मापे टॉलरन्समध्ये किती मोकळेपणाने बसतात हे सांगणारा आकडा, लावून पाहण्यासारखा आहे. मात्र एकटा सीपीके फारसे काही सांगत नाही. सीपी फक्त लागोपाठच्या जॉबमधला पसारा पाहतो, सीपीके सरासरी मध्यापासून किती सरकली तेही धरतो, आणि पीपीके सगळ्या काळातला पसारा धरतो. सीपी, सीपीके आणि पीपीके हे तीन आकडे शेजारी ठेवले आणि त्यांच्यातला फरक वाचला, तर बिघाड सेटिंगमध्ये आहे, टूलमध्ये आहे की मशीनमध्ये, हे बऱ्यापैकी कळते. अनेक शॉपमध्ये ग्राहकाच्या फाइलसाठी एक आकडा काढतात आणि फाइल बंद करतात. शॉपला ज्याचा खरा उपयोग, तेच त्यात राहून जाते.

हा अनुभव सीएनसी लेथवर होणाऱ्या एका स्टील शाफ्टच्या बाहेरच्या व्यासाचा आहे. ड्रॉइंगवर 25 h8, म्हणजे 24.967 ते 25.000 मिमी. टॉलरन्स 33 मायक्रॉन, मध्य 24.9835. शंभरात साधारण तीन जॉब मोठे येऊन रिवर्कला जात होते. लहान जवळपास एकही नाही. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून खालचे आकडे थोडे गोल केले आहेत.

सगळा खेळ मापे कशी घेतली यावर आहे. दर दहा जॉबनंतर लागोपाठचे पाच मोजायचे आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने लिहायचे. असे 25 गट म्हणजे 125 मापे, आणि त्यात इन्सर्टचे निदान दोन कॉर्नर संपले पाहिजेत. क्रेटमधून कुठलेही पाच उचलले की वेळेचा क्रम मोडतो आणि मग टूल झिजल्याने येणारा फरक वेगळा दिसतच नाही. दोन मशीनचे जॉब एका तक्त्यात भरणे ही याहून मोठी चूक. त्या तक्त्यातून निघालेला आकडा दोन्हींपैकी एकाही मशीनचा नसतो.

```
सिग्मा (गटातला)  = R̄ / d2 = 9.3 / 2.326 = 4.0 मायक्रॉन
सिग्मा (एकूण)    = STDEV.S(सर्व 125 मापे) = 5.8 मायक्रॉन
सरासरी           = 24.989

Cp  = 33 / (6 × 4.0) = 1.37
Cpk = 11 / (3 × 4.0) = 0.92
Ppk = 11 / (3 × 5.8) = 0.63
```

सिग्मा म्हणजे मापांच्या पसाऱ्याचे माप, R̄ म्हणजे प्रत्येक गटातल्या सर्वांत मोठ्या आणि लहान मापांमधल्या फरकाची सरासरी, आणि d2 हा पाचाच्या गटासाठी ठरलेला आकडा. खालच्या दोन ओळींतले 11 म्हणजे सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचे अंतर, मायक्रॉनमध्ये. एक्सेलमध्ये सर्रास होणारी चूक इथेच सांगतो. सगळ्या मापांवर `STDEV.S` लावतात आणि आलेल्या आकड्याला सीपीके म्हणतात. तो पीपीके असतो. नाव चुकले की दोन आकड्यांमधला फरकच हाती लागत नाही.

आता वाचन. सीपी 1.37 आहे, म्हणजे लागोपाठचे जॉब एकमेकांसारखे निघत आहेत. स्पिंडल, चक, टूलहोल्डर यांच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. मशीन उघडायचे किंवा बेअरिंग बदलायचे, हा विचार इथे थांबतो. सीपीवरून सीपीके 0.92 वर घसरला तो फक्त सरासरी मध्यावर नसल्यामुळे. सरासरी साडेपाच मायक्रॉन वर आहे, आणि यामागे माणसाची सवय आहे. शाफ्ट मोठा आला तर परत एक कट मारता येतो, लहान आला तर स्क्रॅप. म्हणून सेटर हात राखून साइज वरच्या बाजूला धरतो. बोअरच्या जॉबवर हेच उलट दिसते, तिथे साइज लहान धरतात. सवय समजण्यासारखी आहे, पण 33 मायक्रॉनच्या पट्ट्यात ती महाग पडते.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे: सेटिंग शीटवर 25.000 च्या शेजारी मध्याचे लक्ष्य 24.983 ठळक लिहायचे आणि वेअर ऑफसेटमध्ये एक्सला −0.006 द्यायचा. फानुक कंट्रोलवर आकडा टाकून `+INPUT` दाबायचे, `INPUT` नाही. `+INPUT` जुन्या आकड्यात भर घालते, `INPUT` जुना आकडा पुसून नवा बसवते. आधी 0.030 असेल आणि चुकून `INPUT` दाबले गेले, तर पुढचा जॉब सहाऐवजी 36 मायक्रॉन लहान होतो आणि थेट स्क्रॅपमध्ये जातो. नव्या ऑपरेटरला हे बोट ठेवून दाखवावे लागते.

एवढ्याने सरासरी मध्यावर येते आणि सीपीके 1.37 च्या जवळ जातो. बहुतेक जण इथेच खूश होतात, पण पीपीके अजून 0.95 च्या आसपासच अडलेला असतो. 1.37 आणि 0.95 मधली ही दरी म्हणजे वेळेबरोबर साइज सरकते आहे. गटांच्या सरासऱ्या क्रमाने मांडल्या की चढण लगेच दिसते: नव्या कॉर्नरवर साइज खाली, मग हळूहळू वर, कॉर्नर बदलला की पुन्हा खाली. बाहेरून टर्निंग करताना टोक झिजते तसा व्यास वाढतो. इथे एका कॉर्नरवर 120 जॉब होत होते आणि तेवढ्यात साइज 14 ते 15 मायक्रॉन चढत होती. म्हणजे पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग एकट्या झिजेने खाल्ला. मध्यावर सेट केलेले असूनही कॉर्नरच्या शेवटी शंभरात एखादा जॉब 25.000 च्या वर जाणार, आणि नेमका तोच पाच मापांच्या तपासणीतून निसटणार.

कॉर्नर लवकर बदलणे हा एक मार्ग, पण इन्सर्टचा खर्च वाढतो. त्यापेक्षा ठरवून ऑफसेट देणे बरे पडले. नवा कॉर्नर 24.982 वर सुरू करायचा. दर 30 जॉबना साइज साडेतीन-चार मायक्रॉन चढते, म्हणून 30, 60 आणि 90 व्या जॉबनंतर −0.004. त्याआधी पाच जॉबची सरासरी पाहायची. ती 24.980 ते 24.991 मध्ये असेल तरच ठरलेला ऑफसेट द्यायचा. बाहेर असेल तर ऑफसेटला हात न लावता आधी इन्सर्ट पाहायचा, कारण तो बहुधा चिपलेला असतो किंवा सीटवर कचरा अडकलेला असतो. याने एकूण सिग्मा 5.8 वरून 4.1 च्या आसपास आला आणि पीपीके 1.33 ला टेकला.

या पद्धतीत एक जागा मात्र धोक्याची आहे. कॉर्नर बदलताना तीन वेळा दिलेला ऑफसेट, म्हणजे एकूण 0.012, परत द्यावा लागतो. तो राहून गेला तर नव्या कॉर्नरचे जॉब 24.970 च्या आसपास निघतात आणि पाचातला एक 24.967 च्या खाली जातो. रात्रपाळीत मधेच इन्सर्ट तुटला की हे हमखास घडते, कारण त्या वेळी एकच ऑफसेट दिलेला होता की दोन, हे कोणाच्या लक्षात नसते. मशीनवर लटकवलेल्या कार्डवर प्रत्येक ऑफसेटची खूण करणे हाच भरवशाचा उपाय. शिवाय कॉर्नर फिरवल्यावर टोक मायक्रॉनला मायक्रॉन जुन्या जागी बसत नाही, म्हणून पहिले तीन-चार जॉब मोजूनच पुढे जायचे.

ऑफसेटचा अतिरेकही तितकाच वाईट. एक जॉब 24.990 आला म्हणून लगेच −0.007, पुढचा 24.979 आला म्हणून +0.004, असे प्रत्येक जॉबवर चालले तर पसारा कमी न होता सिग्मा जवळपास 1.41 पट होतो. इथे 4.0 चा 5.7, आणि सीपी 1.37 वरून 0.97. मशीन तेच, इन्सर्ट तोच, फक्त हात आवरला नाही. काळजीने काम करणाऱ्या ऑपरेटरकडून हे जास्त होते, म्हणून रागावून उपयोग नाही. पाचाची सरासरी का बघायची, हे त्याला त्याच्याच जॉबच्या तक्त्यावर दाखवले की पटते.

मोजण्याबद्दल थोडे. 33 मायक्रॉनच्या टॉलरन्सला 0.01 लीस्ट काउंटचा मायक्रोमीटर चालत नाही, 0.001 वाला हवा. आणि तो कोण, किती घट्ट फिरवतो याचाही फरक पडतो. मापनाचाच सिग्मा 2.5 मायक्रॉन असेल, तर सहा सिग्मा म्हणजे 15 मायक्रॉन, टॉलरन्सच्या 45 टक्के. मापनातलाच फरक तपासणाऱ्या गेज आर अँड आरमध्ये 30 टक्क्यांच्या वर गेज नापास धरतात. तेव्हा सीपी कमी दिसला की मशीनवर संशय घेण्याआधी एकच जॉब तिघांकडून दोन-दोनदा मोजून घ्यावा. नुकताच उतरलेला कोमट जॉब तर मोजूच नये. 25 मिमी स्टील गेजपेक्षा 10 अंशांनी गरम असले तर जवळपास 3 मायक्रॉन मोठे दाखवते.

या साधनाबद्दलची मोठी तक्रार म्हणजे दुसऱ्या दशांश स्थळावर ठेवला जाणारा विश्वास. 30 जॉबवरून 1.33 आला, तर खरा आकडा साधारण 0.97 ते 1.69 मध्ये कुठेही असू शकतो. 125 मापांवरही 0.18 इकडे-तिकडे धरावेच लागते. ग्राहकाकडून नवा जॉब मंजूर करून घेण्याच्या पीपॅपमध्ये सुरुवातीच्या अभ्यासाला 1.67 च्या वर हवा, 1.33 च्या खाली नापास, आणि त्यासाठी निदान 25 गट व 100 मापे मागतात. त्यामागचे कारण हेच. 30 जॉबवर 1.35 दाखवून ‘पास’ म्हणणाऱ्या रिपोर्टवर आम्ही सही करत नाही. त्यावर ‘प्राथमिक’ लिहून बाकीची मापे पूर्ण करायला सांगतो.

रनआउट आणि गोलाईच्या मापांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. ती शून्याच्या खाली जात नाहीत, एका बाजूला झुकलेली असतात, आणि त्यांना खालची मर्यादाच नसल्याने सीपीला अर्थ राहत नाही. तीन जॉच्या चकमध्ये घट्ट धरलेल्या पातळ भिंतीच्या जॉबवर तर व्यासाचा सीपीकेही फसवतो. सोडल्यावर जॉब तीन फुगवट्यांचा होतो, मायक्रोमीटर दोन टोकांवर मोजत असल्याने त्याला व्यास सगळीकडे सारखाच दिसतो, आणि तक्त्यात सुंदर आकडा असलेला जॉब असेंब्लीत बसत नाही. अशा जॉबला आधी व्ही-ब्लॉकवर डायल लावून फिरवून पाहावे, आणि गोलाई ठीक आली तरच सीपीकेसाठी मापे घ्यायला बसावे.